जन्मदाखल्यातील नावाची चूक : निबंधकांना दुरुस्तीचा अर्ज कसा लिहावा

बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव ‘वसुंधरा’ऐवजी ‘वसुधरा’ असे छापून आले आहे, असे समजू. मराठीत एक अनुस्वार राहून गेला आहे आणि त्याच दाखल्यावरच्या इंग्रजी नावातून ‘यू’ आणि ‘डी’ यांच्यामधला ‘एन’ गळला आहे. घरच्यांच्या दृष्टीने ही लिहिणाऱ्याच्या हातून झालेली चूक असते आणि बहुधा ती तशीच असते. पण टेबलापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याला ही आई माहीत नसते. त्याच्यासमोर जो कागद आहे त्यावरून ती वसुंधरा असू शकते, वसुधा असू शकते, किंवा खरोखरच वसुधराही असू शकते. अर्ज लिहिताना हे सतत लक्षात ठेवावे लागते. यातले दुसरे दोन पर्याय कागदपत्रांनिशी दूर करणे, एवढेच आपल्या अर्जाचे काम आहे.

हा लेख त्या एकाच प्रकरणाभोवती लिहिला आहे : आईच्या किंवा वडिलांच्या नावात एखादे अक्षर चुकले आहे, बाकी नोंद बरोबर आहे, आणि ते अक्षर दुरुस्त करून हवे आहे. जन्मतारीख चुकणे, बाळाचे नाव नंतर घालणे, किंवा नाव आवडत नाही म्हणून बदलणे ही वेगळी प्रकरणे आहेत. त्यांपैकी शेवटचे तर दुरुस्तीच्या व्याख्येतच बसत नाही, कारण नोंद करताना जे नाव खरे होते ते नंतर नकोसे झाले म्हणून चुकीचे ठरत नाही.

दुरुस्ती दाखल्याची नसते, नोंदीची असते

बहुतेक अर्ज पहिल्याच ओळीत चुकतात. ‘माझ्या मुलीच्या जन्मदाखल्यात दुरुस्ती करून मिळावी’ असे आपण लिहितो. परंतु दाखला हा मूळ दस्तऐवज नाही, तो निबंधकांकडच्या जन्म नोंदवहीतील नोंदीचा उतारा आहे. उताऱ्यात काय छापायचे हे नोंद ठरवते. म्हणून मागणी अशी हवी की, अमुक क्रमांकाच्या नोंदीत दुरुस्ती करावी आणि दुरुस्त नोंदीनुसार नवा दाखला द्यावा.

या मागणीला आधार आहे तो जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 या कायद्याच्या कलम 15 चा. नोंद स्वरूपाने किंवा आशयाने चुकीची आहे अशी निबंधकांची खात्री पटली, तर राज्य शासनाच्या नियमांना अधीन राहून त्यांना ती दुरुस्त करता येते. दुरुस्तीची रीतही त्याच कलमात सांगितली आहे. मूळ नोंद खोडायची नाही, तिच्यावर पांढरा रंग लावायचा नाही, तिच्यात अक्षर घुसवायचे नाही. ती जशीच्या तशी ठेवून समासात योग्य ती नोंद करायची आणि त्या समासातील नोंदीखाली सही करून तारीख घालायची. म्हणजे आपल्या उदाहरणात ‘वसुधरा’ हा शब्द वहीत कायम राहणार आहे आणि त्याच्या शेजारी समासात ‘वसुंधरा’ असे वाचावे अशी नोंद येणार आहे. ज्यांना हे आधी ठाऊक नसते, ते ‘चुकीची नोंद रद्द करून नवीन नोंद करावी’ असे लिहून बसतात. रद्द करण्याची तरतूद कलमात आहे खरी, पण एक अनुस्वार परत मिळवण्यासाठी संपूर्ण नोंदच रद्द करण्याची मागणी करणे म्हणजे स्वतःचेच काम अवघड करून घेणे होय.

निबंधकांसाठी या कलमातला कळीचा शब्द आहे ‘खात्री’. हाताखालच्या नोंदीत बदल करून त्याखाली सही ते करणार आहेत, आणि त्या दुरुस्तीची माहिती त्यांना वरिष्ठांनाही कळवावी लागते. उद्या कोणी विचारले, तर कशाच्या आधारे सही केली हे त्यांना दाखवता आले पाहिजे. आपला अर्ज आणि त्यासोबतचे कागद हाच त्यांचा तो आधार होतो. म्हणून अर्जात विनवणीची वाक्ये कमी आणि पडताळून पाहता येतील अशी वाक्ये जास्त असावीत.

आधी चूक कुठे शिरली ते शोधा

लेखणी हातात घेण्याआधी हे काम करायचे असते. रुग्णालयात प्रसूती झाली असेल, तर नाव साधारण चार ठिकाणांतून प्रवास करते. पहिले ठिकाण म्हणजे रुग्णालयाच्या दाखल होतानाच्या नोंदी. दुसरे, जन्माची माहिती कळवण्याचा नमुना क्रमांक 1, जो रुग्णालय भरून निबंधकांकडे पाठवते. या नमुन्याचे दोन भाग असतात. त्यांतला कायदेविषयक भाग निबंधकांकडे राहतो आणि असे भाग एकत्र मिळूनच जन्माची नोंदवही तयार होते. तिसरे ठिकाण म्हणजे संगणकात भरलेली माहिती, आणि चौथे आपल्या हातातला छापील दाखला.

चूक यांपैकी कोणत्या टप्प्यावर झाली त्यावर अर्जाचे वजन ठरते. नमुन्यावर ‘वसुंधरा’ स्पष्ट लिहिलेले आहे आणि ते फक्त संगणकात भरताना अनुस्वार राहिला, तर मूळ अभिलेख बरोबरच आहे. मूळ नोंदीशी ताडून दाखला पुन्हा द्यावा एवढे छोटे पत्र पुरते. नमुन्यावरच ‘वसुधरा’ लिहिले गेले असेल आणि रुग्णालयाच्या दाखल होण्याच्या कागदावर मात्र ‘वसुंधरा’ असेल, तर ती उतरवून घेतानाची चूक आहे हे रुग्णालयाच्या कागदावरून दाखवता येते. रुग्णालयातही घरच्यांनीच चुकीचे सांगितले किंवा लिहिले असेल, तर मात्र जबाबदारी आपल्यावर येते आणि पुरावा अधिक भक्कम लागतो.

हे कळण्यासाठी नोंद पाहावी लागते. कार्यालयात जाऊन नोंदणी क्रमांक आणि तारीख सांगितली, तर नोंद दाखवण्याची विनंती करता येते, आणि कायद्याच्या कलम 17 नुसार नोंदींचा शोध घेण्यासाठी व उतारा मिळवण्यासाठी रीतसर अर्जही करता येतो. नोंद पाहताना फक्त चुकलेला शब्द पाहून परतू नये. संपूर्ण नोंद ओळीने वाचावी : बाळाचे नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईचे आणि वडिलांचे पूर्ण नाव, दोन्ही पत्ते; मराठीतले आणि इंग्रजीतलेही. एक चूक सापडली की दुसरी असण्याची शक्यता वाढते, कारण घाईत भरलेल्या नमुन्यात हात एकदाच चुकतो असे नाही. सगळ्या चुका एकाच अर्जात मांडाव्यात. आज आईचे नाव आणि सहा महिन्यांनी वडिलांचे आडनाव असे दोन अर्ज गेले, तर दुसऱ्या अर्जाकडे कार्यालय अधिक सावधपणे पाहते आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

नोंद कोणत्या कार्यालयात आहे, हाही प्रश्न याच वेळी सुटतो. जन्माची नोंद आई-वडील राहतात त्या ठिकाणी होत नाही, जन्म जिथे झाला त्या स्थानिक क्षेत्राच्या निबंधकांकडे होते. बाळंतपण माहेरी झाले आणि संसार दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर अर्ज माहेरच्या गावच्या किंवा शहराच्या निबंधकांकडे जातो. दाखल्यावर खाली ज्या कार्यालयाचा शिक्का आहे, तेच आपले कार्यालय. नोंद बरीच जुनी असेल, तर नोंदवही सुरक्षित ठेवण्यासाठी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेलेली असू शकते. अशा वेळी निबंधकांना ती मागवून घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो. अर्ज तरीही निबंधकांच्याच नावे करायचा असतो.

लेखनातली चूक की आशयातली चूक

नियमांमध्ये दोन प्रकारच्या चुका वेगळ्या मानल्या आहेत आणि आपण कोणत्या प्रकारात मोडतो हे अर्जदाराला समजले पाहिजे. पहिला प्रकार लेखनातल्या किंवा औपचारिक चुकीचा : अक्षर गळणे, अक्षरांची अदलाबदल होणे, वेलांटी किंवा अनुस्वार राहणे. यात निबंधक चौकशी करतात आणि खात्री पटली की दुरुस्ती करतात. दुसरा प्रकार आशयातल्या चुकीचा, म्हणजे नोंदीतून वेगळीच वस्तुस्थिती दिसते अशी चूक. त्यासाठी चूक काय आहे आणि खरी हकीकत काय आहे हे सांगणारे, वस्तुस्थितीची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे प्रतिज्ञापन द्यावे लागते.

‘वसुधरा’चे ‘वसुंधरा’ करणे पहिल्या प्रकारात मोडते. ‘वसुधा’चे ‘वसुंधरा’ करायचे असेल, तर ते दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, कारण वसुधा हे स्वतंत्र, प्रचलित नाव आहे आणि नोंदीवरून वेगळी स्त्री सूचित होऊ शकते. ‘वसुंधरा’च्या जागी माहेरचे लाडाचे नाव लागले असेल, तर तो निःसंशय दुसराच प्रकार. सीमारेषेवर असाल, तर दोन व्यक्तींचे प्रतिज्ञापन आधीच तयार ठेवणे शहाणपणाचे असते. ते जोडले म्हणून कोणी अर्ज परत करत नाही, आणि नसले तर दुसरी खेप पडते. ही दोन माणसे केवळ शेजारी राहतात म्हणून निवडू नयेत. ज्यांना आईचे नाव लग्नाआधीपासून माहीत आहे, उदाहरणार्थ तिचा मामा किंवा शाळेतल्या शिक्षिका, त्यांच्या म्हणण्याला अर्थ असतो आणि ‘मी अर्जदारास अमुक वर्षापासून अमुक नात्याने ओळखतो’ हे वाक्य त्यांना खरेपणाने लिहिता येते.

पुरावा : बाळाच्या जन्माआधीचा कागद

या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, आणि नेमकी तीच बहुतेकांच्या अर्जातून निसटते. कागद कोणता आहे यापेक्षा तो केव्हा तयार झाला आणि कशावरून तयार झाला, हे आधी पाहावे.

बाळाचे आधार कार्ड आईच्या नावाच्या पुराव्यासाठी जोडले जाते, तेव्हा तो पुरावा नसतो; कारण ते कार्ड जन्मदाखल्यावरूनच निघालेले असते. त्यावर नाव बरोबर असले, तरी ते नंतर कोणीतरी बरोबर सांगितले एवढेच सिद्ध होते. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत तर शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्मदाखल्यालाच कायद्याने स्थान दिले आहे, त्यामुळे त्या मुलांचे पुढचे बहुतेक कागद याच दाखल्यातून जन्म घेतात. एकाच झऱ्याचे पाणी चार भांड्यांत घेतले म्हणून चार झरे होत नाहीत.

म्हणून आईचे असे कागद शोधावेत, जे बाळाच्या जन्माच्या आधीचे आहेत. तिचा शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, लग्नाआधी किंवा लग्नानंतर पण बाळाआधी काढलेले पारपत्र. त्या वेळी या बाळाच्या दाखल्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्या कागदांवर संशय घेण्याचे कारण नसते. त्यांच्या जोडीला प्रसूतीच्या वेळचे रुग्णालयाचे कागद ठेवावेत. पहिल्या गटातून आईचे खरे नाव काय ते कळते, आणि दुसऱ्या गटातून या बाळाची आई तीच आहे हे कळते. दोन्ही लागतात.

इथे आपल्याकडच्या नावांच्या पद्धतीमुळे एक अडचण हमखास येते. शाळेच्या दाखल्यावर आईचे नाव माहेरचे असते : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. बाळाच्या नोंदीत तेच नाव पतीच्या नावासह आणि सासरच्या आडनावासह येते. म्हणजे एका अनुस्वाराच्या पुराव्यासाठी आपण जो कागद जोडतो, त्यावरची बाकीची दोन नावेच वेगळी असतात, आणि तपासणाऱ्याला ही दुसरीच वसुंधरा वाटू शकते. या दोन टोकांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. ते नसेल, तर राजपत्रातील नावबदलाची प्रत, किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. आणि हा दुवा फक्त कागदांच्या गठ्ठ्यात ठेवून भागत नाही. अर्जातही एका वाक्यात लिहावा, कारण कोणता कागद कशासाठी जोडला आहे हे वाचणाऱ्याने शोधून काढावे अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

कागद जोडण्याआधी ते सगळे एका ओळीत मांडून चुकलेले अक्षर प्रत्येकात कसे आहे ते बोट ठेवून पाहावे. कधी असे होते की दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव मराठीत बरोबर असते, पण इंग्रजीत शेवटी एक ‘ए’ जास्त असतो. ज्या कागदाने नवी विसंगती उभी राहते, तो जोडू नये; आणि तो जोडल्यावाचून गत्यंतर नसेल, तर विसंगती अर्जात स्वतःहून सांगावी. नंतर बनवून मागची तारीख घातलेला किंवा खाडाखोड केलेला कागद तर कधीही देऊ नये. नोंदीसाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा याच कायद्याखाली दंडनीय अपराध आहे, आणि खऱ्या अनुस्वारासाठी खोट्या कागदाची गरज कधीच पडत नाही.

प्रत्यक्ष अर्ज

मी लिहिलेला पहिला अर्ज बहिणीच्या मुलासाठी होता. पानभर लिहिले होते, चुकीमुळे किती त्रास होईल ते सविस्तर सांगितले होते, आणि तो ‘तपशील अपुरा’ असा शेरा मारून परत आला. त्यात नोंदणी क्रमांक नव्हता, नोंदणीची तारीख नव्हती, आणि चुकीचे नाव नेमके कसे छापले आहे हेही मी कुठे लिहिले नव्हते. ‘आईच्या नावात चूक आहे’ एवढेच लिहिले होते. तेव्हापासून अर्जाच्या मध्यभागी मी दोन ओळी एकाखाली एक ठेवतो : नोंदीत काय आहे, आणि काय हवे आहे. बाकीचा मजकूर त्या दोन ओळींभोवती बसतो.

खालील नमुन्यातली नावे, क्रमांक आणि तारखा केवळ दाखवण्यासाठी आहेत. कंसातल्या जागी आपला तपशील घालावा.

प्रति,
मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी,
(कार्यालयाचे नाव व पत्ता)

दिनांक : (अर्जाची तारीख)

विषय : जन्म नोंद क्रमांक 418, नोंदणी दिनांक 14/03/2024 यातील आईच्या नावाच्या लेखनातील चूक जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 अन्वये दुरुस्त करण्याबाबत.

महोदय/महोदया,

मी खाली सही करणारी वसुंधरा माधव (आडनाव), राहणार (पूर्ण पत्ता), आपणांस विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, माझी मुलगी (मुलीचे पूर्ण नाव) हिचा जन्म दिनांक 06/03/2024 रोजी (रुग्णालयाचे नाव व ठिकाण) येथे झाला असून, त्याची नोंद आपल्या कार्यालयात वर नमूद केलेल्या क्रमांकाने झालेली आहे.

सदर नोंदीत व त्यावरून दिलेल्या दाखल्यात आईच्या नावाच्या रकान्यात माझे नाव पुढीलप्रमाणे लिहिले गेले आहे :

नोंदीत असलेले नाव : वसुधरा माधव (आडनाव)
असावयास हवे ते नाव : वसुंधरा माधव (आडनाव)

मराठी नावात ‘सु’वरील अनुस्वार राहिला असून इंग्रजी नावात ‘यू’ नंतरचे ‘एन’ हे अक्षर गळले आहे. नोंदीतील अन्य कोणत्याही तपशिलात बदल करण्याची विनंती नाही.

रुग्णालयात दाखल होतानाच्या कागदावर माझे नाव ‘वसुंधरा’ असेच आहे (सहपत्र 2). माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर (सहपत्र 3) हेच नाव माहेरच्या आडनावासह असून, विवाहानंतर माझे नाव वसुंधरा माधव (आडनाव) असे झाल्याचे विवाह नोंदणी प्रमाणपत्रावरून (सहपत्र 4) दिसून येते. यावरून ही चूक माहिती उतरवून घेताना झालेली लेखनातील चूक आहे, हे आपल्या निदर्शनास यावे.

तरी सदर नोंदीत कलम 15 नुसार आवश्यक ती दुरुस्ती करून, दुरुस्त नोंदीनुसार मराठी व इंग्रजी नावांसह जन्माचा दाखला मिळावा, ही विनंती. पडताळणीसाठी मूळ कागदपत्रे दाखवण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
(सही)
वसुंधरा माधव (आडनाव)
दूरध्वनी : (क्रमांक)

सहपत्रे :
1. सध्याच्या जन्मदाखल्याची प्रत
2. रुग्णालयाच्या कागदाची प्रत
3. शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत
4. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत
5. अर्जदाराच्या ओळखपत्राची प्रत

या अर्जातल्या दोन वाक्यांविषयी थोडे सांगायला हवे. ‘अन्य कोणत्याही तपशिलात बदल करण्याची विनंती नाही’ हे वाक्य लहान आहे, पण त्याने मागणीची सीमा आखली जाते. नावाच्या आडून दुसरे काही बदलून घेतले जात नाही याची खात्री त्यातून मिळते. आणि मराठी व इंग्रजी दोन्ही नावांचा उल्लेख केला नाही, तर एकच दुरुस्त होते. मराठी नाव बरोबर झाले आणि इंग्रजीत ‘एन’ गळालेलाच राहिला, असा नवा दाखला मी पाहिलेला आहे, आणि त्यासाठी त्या कुटुंबाला सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. इंग्रजी नावाचे अक्षर न् अक्षर मोठ्या लिपीत, सुटे सुटे, अर्जात लिहिणे उत्तम. उच्चारावरून कार्यालयाने ते ठरवावे असे सोडू नये, कारण एकाच मराठी नावाची इंग्रजी रूपे एकाहून अधिक होतात आणि आपल्याला हवे ते रूप आपल्या पारपत्रावर किंवा प्रमाणपत्रावर असलेलेच असते.

अर्जावर सही आईची किंवा वडिलांची असावी. ज्याचा दाखला आहे ती व्यक्ती सज्ञान असेल, तर तिची स्वतःची. सही करताना आपण सवयीने जे आखूड नाव लिहितो, ते सहीखाली पूर्ण नावासह स्पष्ट लिहावे. ओळखपत्राची प्रत आधारची असेल, तर क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत पुरते का ते विचारून घ्यावे, आणि प्रत्येक प्रतीवर ‘जन्म नोंद दुरुस्तीसाठी’ असे लिहून सही व तारीख घालावी.

अर्ज दिल्यानंतर

अर्जाच्या दोन प्रती घेऊन जाव्यात. एक कार्यालयात राहते आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती आपण ठेवतो. पोच नसलेला अर्ज पुढे सापडत नाही असे म्हणता येणार नाही, पण तो सापडत नसेल तर आपल्याकडे बोलायला काही उरत नाही. टपालाने पाठवायचा असल्यास स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवावा. काही कार्यालये स्वतःचा छापील नमुना भरून मागतात. तो भरावा आणि आपला अर्ज त्याला जोडावा, कारण छापील नमुन्यात पुराव्याचा दुवा समजावून सांगायला जागा नसते.

पुढे चौकशीसाठी बोलावणे आले, तर मूळ कागद घेऊन जावे. त्या वेळी विचारले जाणारे प्रश्न सहसा साधे असतात : नमुना कोणी भरला, सही कोणाची आहे, नाव कोणी सांगितले. उत्तर अर्जाशी जुळले पाहिजे. नमुना नातेवाइकांनी भरला असेल, तर ‘रुग्णालयाने चूक केली’ असे अर्जात लिहू नये. चूक कोणाकडून झाली हे माहीत नसेल, तर ‘माहिती नोंदवताना’ एवढेच लिहावे. दोषारोपामुळे अनुस्वार लवकर मिळत नाही, उलट रुग्णालयाकडून खुलासा मागवण्याची पायरी मध्ये वाढते.

दुरुस्ती मंजूर झाली की नवा दाखला कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहूनच वाचावा. नाव मराठीत, नाव इंग्रजीत, नोंदणी क्रमांक, नोंदणी दिनांक, जन्मतारीख. नोंदणी क्रमांक आणि नोंदणी दिनांक जुनेच असले पाहिजेत, कारण नोंद जुनीच आहे, तिच्या समासात भर पडली आहे. ते बदललेले दिसले, तर नोंद दुरुस्त होण्याऐवजी दुसरी नोंद झाली असण्याची शंका घ्यावी आणि तिथेच विचारावे. एकाच जन्माच्या दोन नोंदी असणे हे गळलेल्या अनुस्वारापेक्षा कितीतरी मोठे संकट आहे. दाखल्याच्या शेऱ्याच्या रकान्यात दुरुस्तीचा उल्लेख असेल, तर त्यात वावगे काही नाही. दुरुस्तीचा लेखी आदेश किंवा पत्र दिले गेले असेल, तर ते आणि चुकीचा जुना दाखला दोन्ही जपून ठेवावेत. जुना दाखला जिथे जिथे दिला होता, तिथे तो बदलून देताना हेच पत्र लागते.

अर्ज नाकारला गेला, तर तोंडी नकारावर परतू नये. नकाराचे कारण लेखी मागावे, कारण बऱ्याचदा ते कारण म्हणजे एखादा राहिलेला कागद असतो आणि तो जोडून अर्ज पुन्हा देता येतो. कारण पटण्यासारखे नसेल, तर 2023 च्या दुरुस्तीने या कायद्यात अपिलाची सोय केली आहे : निबंधकांच्या आदेशाविरुद्ध जिल्हा निबंधकांकडे, आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत अपील करता येते आणि त्यांनी ते 90 दिवसांत निकाली काढायचे असते. अपिलातही अर्जाच्या मध्यभागी त्याच दोन ओळी ठेवाव्यात, नोंदीत काय आहे आणि काय हवे आहे. त्यांच्या खाली नकाराच्या आदेशाची तारीख आणि त्यात दिलेल्या प्रत्येक कारणाला कोणत्या सहपत्राने उत्तर मिळते ते लिहावे, आणि पोच लागलेल्या पहिल्या अर्जाची प्रत सोबत जोडावी.